फोटोतला सात कुठपर्यंत जातो?

रात्री साडेनऊला दहावीतल्या भाचीचा फोटो आला. खाली एकच ओळ: "मामा, उत्तर ११२ आहे का १५४? मैत्रीण म्हणते ५६." फोटोत वहीचं पान तिरकं, वरून मोबाईलची सावली, आणि प्रश्नाची ओळ अर्धी कापलेली. "त्रिज्या ७ सेमी" एवढंच वाचता येत होतं. आकृती ओळखीची होती. मधे लहान वर्तुळ, त्याला चारही बाजूंनी टेकलेला चौरस, आणि चौरसाच्या चारही कोपऱ्यांतून जाणारं मोठं वर्तुळ. रेखांकित भागाचं क्षेत्रफळ काढायचं.

अशा फोटोवर पट्टी ठेवून मोजणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातून काही निघत नाही. तिरक्या फोटोत वर्तुळ अंड्यासारखं दिसतं, चौरसाची एक बाजू आखूड होते, काटकोन काटकोन राहत नाही. पण तीन गोष्टी टिकतात: सरळ रेघ सरळच राहते, टेकलेलं टेकलेलंच राहतं, आणि कोपरा वर्तुळावर असेल तर तो फोटोतही वर्तुळावरच असतो. म्हणून फोटोतून लांबी घ्यायची नाही, फक्त कोण कुणाला टेकतंय ते घ्यायचं. केंद्रही डोळ्यांनी मधोमध धरू नये. चौरसाचे दोन कर्ण जिथे एकमेकांना छेदतात, तेच दोन्ही वर्तुळांचं केंद्र.

आता प्रश्न एवढाच की सात कुणाची त्रिज्या? फोटो मोठा करून पाहिला. केंद्रातून निघालेली रेघ चौरसाच्या उजव्या बाजूला जिथे लहान वर्तुळ टेकतं, तिथेच थांबत होती. म्हणजे सात लहान वर्तुळाची. मग चौरसाची बाजू त्या वर्तुळाच्या व्यासाएवढी, १४, क्षेत्रफळ १९६.

मोठ्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे चौरसाच्या कर्णाचा अर्धा भाग. केंद्रातून बाजूच्या मध्यापर्यंत ७, तिथून कोपऱ्यापर्यंत पुन्हा ७, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने त्रिज्येचा वर्ग ४९ + ४९ = ९८. इथे थांबायचं. वर्गमूळ काढायची गरजच नाही, कारण क्षेत्रफळाला त्रिज्येचा वर्गच लागतो. π ला २२/७ धरलं तर मोठ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३०८, लहान वर्तुळाच्या १५४ च्या बरोबर दुप्पट. (चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस दुप्पट होतो, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. इथे तेच वर्तुळाच्या वेषात आलंय.) ज्यांना √२ = १.४१ लिहायची घाई असते, त्यांची त्रिज्या ९.८७ येते आणि ३.१४ ने गुणून शेवटचं उत्तर ११० च्या आसपास घसरतं. ९८ तसंच ठेवून ३.१४ वापरलं तर ते १११.७२ येतं. गाळात नेतं ते आधीच केलेलं पूर्णांकन, π नव्हे.

रेखांकित भाग चौरसाबाहेरचे चार वर्तुळखंड असतील तर ३०८ − १९६ = ११२ चौसेमी.

मग १५४ कुठून आलं? भाचीने चौरसाच्या आतले चार कोपरेही रेखांकित धरले होते. ते चारही मिळून १९६ − १५४ = ४२, आणि ११२ + ४२ = १५४. गणित चोख, पण कोपऱ्यांतला काळेपणा मोबाईलच्या सावलीचा होता. पेन्सिलच्या रेघा एकाच दिशेने जातात, सावलीत रेघा नसतात. फोटो उजळ केला की हे लगेच दिसतं. शिवाय १५४ हे नेमकं लहान वर्तुळाचं क्षेत्रफळ असल्यामुळे ते उत्तर भलतंच सुबक वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो.

मैत्रिणीचं ५६ आणखी मजेशीर. तिने सात मोठ्या वर्तुळाची त्रिज्या धरली. मग कर्ण १४, चौरस ९८, वर्तुळ १५४, फरक ५६. सगळं बरोबर अर्ध्यावर आलं. म्हणून तुमचं उत्तर छापील उत्तराच्या नेमकं निम्मं किंवा दुप्पट आलं, तर आकडेमोड तपासत बसू नका, आधी त्रिज्येची रेघ कुठे संपते ते पाहा.

एक झटपट पडताळा आहे. मोठ्या वर्तुळात ते चार वर्तुळखंड एक तृतीयांशापेक्षा थोडे जास्त जागा घेतात (३०८ पैकी ११२). पण ५६ लाही हेच प्रमाण बसतं (१५४ पैकी ५६), त्यामुळे हा पडताळा चुकीच्या त्रिज्येला पकडू शकत नाही. तो जास्तीचा रेखांकित भाग मात्र पकडतो: १५४ म्हणजे मोठ्या वर्तुळाचा निम्मा भाग.

भाचीला ११२ कळवलं आणि सोबत एक विनंती केली. तीच तुम्हालाही: फोटो काढताना वही खिडकीच्या उजेडात सपाट ठेवा, मोबाईल बरोबर वर धरा, आणि प्रश्नाची ओळ पूर्ण येऊ द्या.