दोन नॅनोसेकंदांचं काय होतं?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७४एचसी०४ नावाची चौदा पायांची चिप अगदी किरकोळ किमतीत मिळते. तिच्यात सहा नॉट गेट असतात. आत १ आलं की बाहेर ०, आत ० आलं की बाहेर १, एवढंच त्यांचं काम. त्यांतले पाच गेट एकामागे एक जोडा आणि पाचव्याचं तोंड परत पहिल्याला लावा. पाच ही विषम संख्या असल्यामुळे हे वर्तुळ कधीच एका जागी स्थिरावू शकत नाही. पहिल्या गेटमधून निघालेला १ फिरून त्याच्याकडे येतो तेव्हा त्याला उलटं व्हायला भाग पाडतो, तो उलटला की ती खबर पुन्हा फिरून येते, आणि चक्र चालूच राहतं. याला रिंग ऑसिलेटर म्हणतात. त्याला ना कॉइल लागते ना क्रिस्टल, आणि वीज मिळताक्षणी तो सुरू होतो.

उरलेल्या सहाव्या गेटमधून हा सिग्नल बाहेर काढून फ्रीक्वेन्सी काउंटरला द्यावा आणि आकड्यांकडे बघत बसावं. साडेचार व्होल्टवर एका गेटला उत्तर द्यायला साधारण ९ नॅनोसेकंद लागतात. संपूर्ण आवर्तनासाठी खबरीला वर्तुळाच्या दोन फेऱ्या माराव्या लागतात, म्हणजे एकूण दहा गेट ओलांडावे लागतात. त्याला ९० नॅनोसेकंद लागतात, म्हणून वारंवारता सुमारे ११ मेगाहर्ट्झ. पण काउंटरवरचे शेवटचे आकडे थांबायलाच तयार नसतात. चिपवर बोट ठेवलं की ती गरम होते आणि आकडा घसरतो. व्होल्टेज कमी केलं की तो धडाधड खाली येतो: दोन व्होल्टवर एका गेटचा विलंब २५ नॅनोसेकंदांच्या आसपास जातो आणि ११ मेगाहर्ट्झचे ४ मेगाहर्ट्झ होतात. त्याच जातीची दुसरी चिप लावली तर आकडा आणखी वेगळा, कारण कारखान्यात दोन चिपांचे ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे बनत नाहीत.

इथे काही बिघडलेलं नाही. रिंगमध्ये वेळ म्हणजेच गेटचा विलंब. दुसरं काही मोजलंच जात नाही. त्यामुळे विलंबाला जे जे बदलतं ते सगळं थेट घड्याळात उतरतं. ९ नॅनोसेकंदांचे ११ झाले, म्हणजे दोनच नॅनोसेकंद वाढले, तरी आवर्तनकाळ २२ टक्क्यांनी लांबला.

एकट्या यंत्राला हे चालूनही जातं. एखाद्या खेळण्यातला दिवा सेकंदाला दहाऐवजी नऊ वेळा लुकलुकला तर कोणाचं काही अडत नाही. पंचाईत होते ती दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचं असतं तेव्हा. मायक्रोकंट्रोलर आणि संगणक यांच्यातली जुनी सीरियल जोडणी घ्या. तिच्यात घड्याळाची वेगळी तार नसते. ९६०० बॉडच्या वेगाला प्रत्येक बिट १०४ मायक्रोसेकंद तारेवर राहतो. घेणारा सुरुवातीच्या बिटची कड पकडतो आणि तिथून पुढे स्वतःच्या घड्याळावर विसंबून प्रत्येक बिटच्या मध्यावर नमुना घेतो. शेवटच्या, म्हणजे स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिटांचं अंतर आहे. तेवढ्या प्रवासात घड्याळ अर्ध्या बिटाने सरकलं की चुकीचाच बिट वाचला जातो. अर्धा भागिले साडेनऊ, म्हणजे जेमतेम सव्वापाच टक्के, आणि हा फरक दोन्ही बाजूंच्या चुका मिळून. म्हणून प्रत्यक्षात प्रत्येकाने दोन टक्क्यांच्या आत राहावं असं धरतात. चूक साचत जाते, त्यामुळे आधीचे बिट बरोबर येतात आणि शेवटचे बिघडतात. सकाळी नीट चालणारी जोडणी दुपारी बोर्ड तापल्यावर कचरा अक्षरं दाखवू लागली, तर प्रोग्राम तपासण्याआधी घड्याळ तपासावं. यूएसबीची शिस्त याहून कडक आहे. तिच्या फुल स्पीड प्रकारात पाव टक्क्याच्या आत राहावं लागतं.

अर्डुइनो उनोच्या आर-३ बोर्डवर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. यूएसबीच्या खाचेजवळ चांदीच्या रंगाची लांबट डबी आहे. ती १६ मेगाहर्ट्झचं क्वार्ट्झ क्रिस्टल असून यूएसबी सांभाळणाऱ्या चिपला वेळ देते. मुख्य मायक्रोकंट्रोलरजवळ मात्र त्याहून लहान, तीन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर आहे. त्याची अचूकता साधारण अर्धा टक्का. सीरियलला तेवढी पुरते, यूएसबीला पुरत नाही. एकाच बोर्डवर दोन वेगळे भाग लावण्यामागे मला तरी हेच कारण दिसतं.

आता क्रिस्टलकडे. त्या डबीत क्वार्ट्झची पातळ चकती असते, १६ मेगाहर्ट्झसाठी जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. क्वार्ट्झवर विद्युतदाब दिला की तो किंचित वाकतो, आणि वाकवला की विद्युतदाब देतो. पियरे आणि जाक क्युरी या भावांना १८८० मध्ये सापडलेला हा गुण. १९२१ मध्ये वॉल्टर कॅडी यांनी त्यावर चालणारा ऑसिलेटर केला. आजच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये जी जोडणी असते, ती जॉर्ज पियर्स यांच्या नावाने ओळखली जाते: चिपच्या आत एकच नॉट गेट, बाहेर क्रिस्टल, आणि त्याच्या दोन्ही पायांवर एकेक छोटा कपॅसिटर.

म्हणजे गेट इथेही आहेच, आणि तोसुद्धा उष्णतेने आणि व्होल्टेजने तितकाच बदलतो. मग घड्याळ का बदलत नाही? कारण इथे गेट वेळ मोजत नाही. तो फक्त कंपनातली झीज भरून काढतो. झोपाळ्यावरच्या मुलाला धक्का देणारा थोडा लवकर किंवा उशिरा हात लावतो, तरी झोपाळ्याची लय दोरीच्या लांबीवरच ठरते. धक्क्याच्या चुकीने तिच्यात किंचितच फरक पडतो. तो फरक किती, हे क्रिस्टलच्या बाबतीत मोजता येतं.

आवर्तन टिकायचं तर सिग्नलने एक फेरी मारून बरोबर त्याच टप्प्यावर परतलं पाहिजे. १६ मेगाहर्ट्झचं आवर्तन साडेबासष्ट नॅनोसेकंदांचं. गेटचा विलंब दोन नॅनोसेकंदांनी वाढला, तर टप्पा साडेअकरा अंशांनी मागे पडतो. ही तूट कोणीतरी भरून द्यायला हवी. ती क्रिस्टल भरतो, वारंवारता जराशी बदलून, कारण अनुनादाच्या जवळ त्याचा टप्पा अतिशय तीव्रपणे बदलतो. ही तीव्रता ज्या आकड्याने मोजतात त्याला क्यू म्हणतात. चांगल्या क्रिस्टलचा क्यू ५०,००० धरला, तर वारंवारता दहा लाखांत दहा भागांनी हलताच टप्पा ४५ अंशांनी फिरतो. साडेअकरा अंशांसाठी दहा लाखांत फक्त दोन भाग हलावं लागतं. रिंगमध्ये २२ टक्के करणारे तेच दोन नॅनोसेकंद इथे दिवसाला पाव सेकंदाहूनही कमी चूक करतात.

क्यू म्हणजे साठवणही. एवढ्या क्यूचा क्रिस्टल एका आवर्तनात आपल्या ऊर्जेचा जवळपास आठ हजारावा भागच गमावतो. म्हणून गेटमधला सततचा विद्युत गोंधळ त्याला सहजी ढकलू शकत नाही. रिंगमध्ये अशी साठवण नसते, प्रत्येक फेरीतला गोंधळ पुढच्या फेरीत जमा होत जातो. साठवणीची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते: ती भरायला वेळ लागतो. मेगाहर्ट्झचा क्रिस्टल स्थिर व्हायला मिलिसेकंदाच्या घरात वेळ घेतो, घड्याळाचा छोटा क्रिस्टल कधी कधी जवळजवळ सेकंदभर. म्हणून अनेक मायक्रोकंट्रोलर जागे होताना आतल्या ढोबळ ऑसिलेटरवर काम सुरू करतात आणि क्रिस्टल तयार झाला की त्याच्यावर जातात.

अर्थात, क्रिस्टलची लय स्वतःच बदलली तर क्यू कितीही मोठा असून उपयोग नाही. क्वार्ट्झची लवचिकता तापमानाने बदलते, पण वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळी. चकती विशिष्ट कोनात कापली की हे बदल एकमेकांना जवळपास खोडून काढतात. १९३४ मध्ये बेल लॅबमध्ये सापडलेला असा एटी छेद मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमध्ये आजही वापरतात. मनगटी घड्याळातला क्रिस्टल मात्र दुहेरी काट्याच्या आकाराचा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. या काट्याची लय २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जलद असते आणि दोन्ही बाजूंना फरकाच्या वर्गाने मंदावते, दर अंशवर्गाला दहा लाखांत ०.०३४.

विदर्भातल्या शेतात पंपाचा टायमर पत्र्याच्या पेटीत आहे आणि मे महिन्यात पेटीत ५५ अंश होतात असं धरू. फरक ३० अंश, वर्ग ९००, मंदी दहा लाखांत सुमारे ३१. दिवसभर तेवढंच तापमान राहिलं तर घड्याळ दिवसाला अडीच सेकंदांहून थोडं जास्त मागे पडेल. हिवाळ्यात पहाटे पेटीत १० अंश असले तरी ते मागेच पडेल, फक्त कमी. इथून निदानाची एक सोपी खूण मिळते: उष्णता काय किंवा थंडी काय, हा क्रिस्टल मंदच करतात. घड्याळ रोज पुढे जात असेल तर हवामानाला दोष न देता ते दोन कपॅसिटर बघावेत. क्रिस्टलला साडेबारा पिकोफॅरडचा भार हवा असेल, तर दोन्ही बाजूंना १८ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावतात. दोघांचे मिळून ९ होतात आणि बोर्डच्या तारांचे तीनेक धरले की हिशेब जुळतो. तिथे १० चे लावले की भार कमी पडतो आणि घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद पुढे पळतं. तपासताना ऑसिलोस्कोपची सुई थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नये. सुईचीच धारिता दहाएक पिकोफॅरड असते, तिने लय बदलते किंवा कंपन थांबतंही. चिपच्या एखाद्या मोकळ्या पायावर घड्याळाचा सिग्नल काढून तिथे मोजावं.

चकती जितकी पातळ तितकी वारंवारता जास्त, आणि पातळपणाला मर्यादा आहे. काही गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरसाठी क्वार्ट्झची चकती कापता येत नाही. इथे रिंग पुन्हा कामाला येते. समजा ३ गिगाहर्ट्झ हवेत. चिपमध्ये तेवढ्या वेगाची रिंग ठेवतात, तिचा सिग्नल १२० ने भागतात आणि आलेले २५ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या २५ मेगाहर्ट्झशी ताडून पाहतात. रिंग मागे पडली की तिचा पुरवठा जरासा वाढवतात, पुढे गेली की कमी करतात. विलंब पुरवठ्याने बदलतो हा तिचा दोषच इथे सुकाणू होतो. या रचनेला फेज लॉक्ड लूप म्हणतात. मात्र ताडून पाहण्याची संधी ४० नॅनोसेकंदांतून एकदाच मिळते. मधली १२० आवर्तनं रिंग एकटीच काढते, आणि तेवढ्या काळात पुरवठ्यात खळबळ झाली तर ती रोखायला क्रिस्टल हजर नसतो. म्हणून अशा चिपांवर लूपसाठी विजेचा वेगळा पाय दिलेला असतो, आणि बोर्ड आखणारा त्याच्या अगदी लगत गाळणीचे कपॅसिटर बसवतो.