बिल यजमानाचे, जखम पाहुण्याची

कुकरचे झाकण उडाले, मिक्सरचे भांडे फुटले, गीझरचा शॉक बसला. आणि ज्याला इजा झाली तो त्या घरचा नव्हताच, चार दिवसांसाठी आलेला पाहुणा होता. तक्रार घेऊन कंपनीकडे गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बिल कुणाच्या नावावर आहे?" बिल यजमानाच्या नावावर. मग पाहुण्याचा आणि कंपनीचा संबंध काय? व्यवहार दुकानदार आणि यजमान यांच्यात झाला, पाहुण्याने तर एक रुपयाही मोजलेला नाही. हे ऐकून भले भले गप्प बसतात. कायद्यापुढे मात्र हा युक्तिवाद फारसा चालत नाही. तो कुठे पडतो आणि कुठे अजून थोडा तग धरतो, हे एका कल्पित पण रोजच्या प्रसंगावरून पाहू.

समजा, साताऱ्याची एक मावशी सात वर्षांच्या नातीला घेऊन पुण्याला भाचीकडे आली आहे. भाची कामावर निघताना सांगून गेली, "मावशी, वरणभाताचा कुकर तेवढा लाव गं." मावशीने डाळ-तांदूळ धुऊन कुकर गॅसवर चढवला. डाळ फेसाळत वर आली, तिची टरफले शिट्टीखालच्या नळीत अडकली आणि वाफेची वाट बंद झाली. शिट्टी काही होईना. थोड्या वेळाने झाकण उडाले. मावशीचे दोन्ही हात आणि गळा भाजला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नातीच्या पायावर उकळती डाळ पडली.

यात दोष कुणाचा? कंपनीचा माणूस म्हणेल, नळी तुंबली म्हणजे वापर चुकला. पण नळी कधी ना कधी तुंबणार हे गृहीत धरूनच झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची चकती असते. पाणी आटले किंवा दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली की ती चकती वितळते आणि वाफ तिथून बाहेर पडते. काही कुकरमध्ये याच्या जोडीला झाकणाच्या कडेला एक खाच असते. दाब फार वाढला तर गॅस्केट त्या खाचेतून बाहेर ढकलले जाते आणि वाफ सुटते. पहिली वाट बंद झाली तेव्हा दुसरी उघडलीच नाही, हा या अपघाताचा खरा मुद्दा आहे. त्यामुळे "नळी का तुंबली?" यापेक्षा "व्हॉल्व्ह का उघडला नाही?" हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो आणि त्याचे उत्तर कंपनीला द्यावे लागते.

आता बिलाचे बघू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(७) मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे. पैसे देऊन वस्तू घेणारा ग्राहक असतोच; पण घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. ही तरतूद १९८६ च्या जुन्या कायद्यातही होती. म्हणजे भाचीचे "कुकर तेवढा लाव" हे वाक्यच मावशीला ग्राहक बनवते. संमती लेखी असावी अशी अट नाही. पाहुण्याला बाथरूम दाखवून "गीझर चालू केलाय" म्हणणे ही संमतीच झाली. अपवाद एवढाच की वस्तू व्यापारी कामासाठी घेतलेली नसावी. तोच कुकर खानावळीसाठी आणलेला असेल तर गणित बदलते.

याच कायद्याने 'उत्पादन दायित्व' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आणले, कलम ८२ ते ८७. त्यातल्या कलम ८४ नुसार वस्तू बनवताना दोष राहिला, तिची रचनाच सदोष असली, ठरलेल्या मापदंडाप्रमाणे ती बनली नाही, दिलेल्या हमीत ती बसली नाही किंवा वापराच्या सूचना आणि धोक्याचे इशारे पुरेसे नसले, तर उत्पादक जबाबदार ठरतो. कारखान्यात नेमका कुणी हलगर्जीपणा केला हे मावशीला शोधत बसावे लागत नाही. व्हॉल्व्ह सदोष होता आणि त्यामुळे भाजले, एवढे दाखवले की पुरे. कुकर एकाने बनवला आणि आपले नाव दुसऱ्याने छापून विकला असेल, तर नाव छापणाराही कायद्याच्या दृष्टीने उत्पादकच असतो. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, तर जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते.

भरपाई मागता येते ती इजेची, उपचारांच्या खर्चाची, त्यासोबतच्या मानसिक त्रासाची आणि इतर मालमत्तेच्या नुकसानीची. फुटलेल्या कुकरची किंमत मात्र यात धरत नाहीत. ती भाचीने, खरेदीदार म्हणून, सदोष मालाच्या साध्या तक्रारीत मागायची.

इथपर्यंत मावशीची बाजू भक्कम आहे. नातीचे काय? तिने कुकरला हातही लावला नव्हता. ती 'वापरणारी' होती का? इथे कायद्याची भाषा जरा अडखळते. उत्पादन दायित्वाची तक्रार म्हणजे काय हे सांगताना कलम २(३५) 'व्यक्ती' हा शब्द वापरते. पण दायित्व कुणाला झालेल्या हानीबद्दल, हे सांगताना त्याआधीचेच कलम २(३४) 'ग्राहक' म्हणते. नातीचा वकील पहिल्या शब्दावर बोट ठेवेल, कंपनीचा दुसऱ्यावर. ज्यांच्यासाठी अन्न शिजत होते ते सगळेच त्या कुकरचा वापर करत होते, असाही युक्तिवाद करता येईल. पण तो युक्तिवाद आहे. मावशीसारखा व्याख्येतच बसलेला हक्क नव्हे.

नातीला दुसरा रस्ता आहे तो दिवाणी दाव्याचा, आणि तो एका जुन्या खटल्याने मोकळा केला. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर एका कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची होती, आतले काही दिसत नव्हते. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तेव्हा बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, अशी तिची तक्रार होती. ती आजारी पडली. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे डोनोह्यूबाईंचा कॅफेशीही करार नव्हता आणि पेय बनवणाऱ्या स्टीव्हन्सनशीही नव्हता. २६ मे १९३२ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की करार नसला तरी, आपल्या निष्काळजीपणाचा फटका ज्याला बसेल हे आधी ओळखता येते, त्याच्याबाबत काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. गोगलगाय खरोखर होती की नाही, याची सुनावणी कधी झालीच नाही. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. पण तत्त्व राहिले आणि आपली न्यायालयेही ते मानतात.

स्वयंपाकघरात लहान मूल वावरणार हे कुकर बनवणाऱ्याला आधी कळण्यासारखे आहे. म्हणून नातीच्या वतीने तिचे आईवडील दिवाणी न्यायालयात जाऊ शकतात. फरक असा की तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. एकाच क्षणी, एकाच कुकरने भाजलेल्या दोघींपैकी आजीची वाट सोपी आणि नातीची चढाची, असा हा प्रकार आहे.

मावशीची वाट किती सोपी, तेही पाहू. तक्रार पुण्यात करण्याची सक्ती नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात ती करता येते, म्हणजे साताऱ्यात. कोणत्या पातळीवरचा आयोग हे भरपाईच्या आकड्यावर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. ही पद्धत घटनेला धरून असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले. कुकर दोन-अडीच हजारांचा, म्हणून भरपाई लाखांत मागितली तरी प्रकरण जिल्हा आयोगातच आणि फी शून्य. मुदत अपघातापासून दोन वर्षांची.

कंपनीचा बचाव बहुतेक वेळा कलम ८७ वर उभा असतो: अपघाताच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला होता किंवा तिच्यात बदल केलेला होता. कुकरच्या बाबतीत याचा अर्थ साधारण तीन गोष्टी. भांडे गळ्यापर्यंत भरले होते, वाफ जिरायच्या आत झाकण ओढले, किंवा मूळ गॅस्केट अथवा व्हॉल्व्ह काढून बाजारातला स्वस्त बसवला होता. यातली तिसरी गोष्ट सर्वांत घातक. भाचीने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून भलताच व्हॉल्व्ह बसवून घेतला असेल, तर कंपनी सुटण्याची शक्यता मोठी. उलट, व्हॉल्व्ह बिघडल्याचे ठाऊक असूनही भाचीने मावशीला सावध केले नसेल, तर माहीत असलेला छुपा धोका पाहुण्याला न सांगितल्याबद्दल भाचीच अडचणीत येऊ शकते. नात्यातल्या माणसांना हे बोलायला जड जाते आणि म्हणूनच अशी प्रकरणे घरातल्या घरात विरतात.

सगळा निकाल शेवटी त्या कुकरवर येऊन थांबतो. दोष नुसत्या डोळ्यांनी कळत नसेल तर आयोग कलम ३८ नुसार वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे आणि त्याचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे तपासायला मोजमाप तयार आहे. चकती वितळली होती की जशीच्या तशी आहे, हे व्हॉल्व्ह उघडून पाहिले की समजते. पण त्यासाठी कुकर हाताशी हवा. तो घासूनपुसून ठेवू नये. नळीतली टरफले आणि निसटलेले गॅस्केट यांसह आहे तसा पिशवीत बांधावा आणि त्याआधी झाकणाचे, व्हॉल्व्हचे, बुडावरच्या क्रमांकाचे फोटो काढावेत. दवाखान्यात नुसते "भाजले" न लिहिता "कुकरचे झाकण उडून भाजले" अशी नोंद करून घ्यावी. भाचीने प्रतिज्ञापत्र द्यावे की कुकर तिने घेतला, मावशीला तिनेच लावायला सांगितला आणि त्याचा कोणताही भाग बाहेरून बदललेला नव्हता. बिल भाचीच्या नावावर असल्याची उणीव या एका कागदाने भरून निघते.

अशा अपघातानंतर कंपनीचा प्रतिनिधी अगदी सौजन्याने घरी येऊ शकतो आणि जुना कुकर घेऊन नवा कोरा देऊ करू शकतो. यजमानाला वाटते, बरे झाले, भरपाई मिळाली. भाचीने कुकर बदलून घेतला की तिचा प्रश्न सुटतो. मावशीचा आणि नातीचा पुरावा मात्र त्याच पिशवीतून निघून जातो. कुकरची मालकीण भाची असली, तरी तो परत करण्याआधी तिने साताऱ्याला एक फोन करायला हवा.