शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याची चाचणी



आमच्या गटानं गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित करायचं ठरवलं. पहाटे, त्यांच्याच घरात, दळता दळता. आजी रंगात आल्या आणि मिनिटभरात कॅमेरा आपोआप थांबला. कार्ड मंद असल्याची सूचना पडद्यावर आली. पुन्हा पहिल्यापासून गायला आजींना दम उरला नाही. तसं आदल्या दिवशी आम्ही कॅमेरा चालवून पाहिला होता, पण अंगणात, उन्हात आणि दहाच सेकंद!

कॅमेरा पहिली काही सेकंदं चित्र स्वतःच्या तात्पुरत्या जागेत धरून ठेवतो. ती जागा भरली की कार्डाचा खरा वेग कळतो. आमच्या कॅमेऱ्यात चित्रीकरणाचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट लावलेला होता. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ नं भागायचं. साडेबारा मेगाबाइट झाले. आमच्या कार्डावर इंग्रजी ‘यू’ अक्षरात १ हा आकडा होता. म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याचीच हमी. ‘व्ही ३०’ लिहिलेलं कार्ड किमान ३० लिहितं. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, त्याला भुलू नका.

दुसऱ्या खेपेला आम्ही नवं कार्ड घेऊन पहाटेच आजींच्या घरी गेलो. जात्यापाशी आमच्यातलीच एक बसली. घरातला दिवा लावला. चित्रात आडवे काळसर पट्टे सरकताना दिसले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० वर आणल्यावर पट्टे गेले. काही एलईडी दिव्यांचे पट्टे तरीही जात नाहीत, तेव्हा दिवाच बदलावा लागतो.

मग अंधाराची पारख केली. आयएसओ ८००, १६०० आणि ३२०० ठेवून तीन तुकडे घेतले. प्रत्येकाच्या सुरुवातीला आकडा मोठ्यानं बोललो, म्हणजे नंतर घोळ नको. टीव्हीवर लावल्यावर ३२०० च्या तुकड्यात सावलीत रवा सांडल्यासारखे दाणे दिसले. १६०० चा तुकडा चालण्याजोगा होता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मात्र तिन्ही सारखेच वाटले होते.

भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून, कॅमेरा त्याच्या अगदी समोर सरळ ठेवून, लेन्सही तपासली. सगळीच अक्षरं धुरकट असतील तर आधी काच पुसून पुन्हा फोकस करा. तरीही एकाच बाजूची पुसट राहिली तर दोष लेन्समध्ये असू शकतो.

शेवटी ठरलेल्या सेटिंगवर, त्याच कार्डावर, सलग वीस मिनिटं चित्रण केलं आणि ते पूर्ण पाहिलं. ओव्या तेवढ्याच वेळ चालणार होत्या. मग आजींना जात्यावर बसवलं.