चमकचा ताम्रपट : दान, पण अटींवर

राजांनी धर्माला दिलेला आश्रय म्हटलं, की आम्हा दर्यापूरकरांना लासूरचं आनंदेश्वर आठवतं. काळ्या पाषाणातलं ते कोरीव मंदिर पाहताना राजा आणि देव यांचं नातं वेगळं सांगावं लागत नाही. पण त्या नात्यातला व्यवहार उघडपणे लिहिलेला सापडतो तो दगडात नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर. तेही आपल्याच जिल्ह्यात, अचलपूरजवळच्या चमक या गावी.

हा ताम्रपट वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा, पाचव्या शतकातला. त्याच्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला प्रवरपुराहून ही आज्ञा निघाली. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक गाव, राजमापानं आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दिलं. चर्मांक म्हणजेच आजचं चमक. हे दान राजाला आपणहून सुचलेलं नाही. शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याच्या विनंतीवरून ते दिल्याचं पटात नमूद आहे. दानाला सुरुवात एकानं करायची आणि हुकूम दुसऱ्यानं काढायचा, यात दोघांचाही मान राहतो. गावात मात्र आज्ञा चालते ती प्रवरसेनाची.

दानाचा विषय यायच्या आधी वंशावळ येते, आणि ती नुसती शोभेची नाही. पूर्वज पहिल्या प्रवरसेनानं चार अश्वमेध केले. त्याचा नातू रुद्रसेन हा भारशिवांच्या भवनागाचा दौहित्र, आणि ते भारशिव खांद्यावर शिवलिंग वाहणारे, गंगाजलानं अभिषिक्त झालेले, दहा अश्वमेधांनंतर अवभृथस्नान केलेले. राजाची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राटाची कन्या. प्रवरसेन स्वतः शिवभक्त म्हणवतो. मुद्रेवरचा श्लोक तर सरळ सांगतो, की हे वंशक्रमानं राज्यलक्ष्मी मिळालेल्या राजाचं शासन आहे, शत्रूंना वठणीवर आणणारं. जमीन ब्राह्मणांना मिळाली. राजाला मिळालं ते हे, की ज्यानं पट हाती घेतला त्यानं ही सगळी वंशावळही मान्य केली.

पुढे गावाला दिलेल्या सवलतींची यादी आहे. कर माफ, सैनिक आणि राजसेवकांनी गावात शिरायचं नाही, वेठबिगार माफ, फुलं-दूध मागायचं नाही, चराई, चामडं, कोळसा घ्यायचा नाही, आणि जमिनीत गाडलेला ठेवा गावाकडेच. अशा यादीतून आपल्याला उलट बाजूनं कळतं, की एरवी राजाचे लोक गावातून काय काय उचलून नेत असत. दौऱ्यावरचा अधिकारी शेतकऱ्याच्या घरातलं दूधही हक्कानं मागत असावा, म्हणून तर ते नको असं लिहून द्यावं लागलं.

या पटातला खरा मौल्यवान भाग मात्र शेवटाकडे आहे. दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल, पण अटींवर. या ब्राह्मणांनी राज्याच्या सप्तांगांविरुद्ध द्रोह करायचा नाही. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाला विषप्रयोग यांत पडायचं नाही. युद्ध करायचं नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. यातलं काही त्यांनी केलं, किंवा कोणी केलेल्याला संमती दिली, तर राजानं जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. अशा पटांत सहसा दान हिरावणाऱ्यालाच धाक घालतात, आणि तो इथंही आहे: भूमी देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात, हिरावणारा तितकीच नरकात. पण त्याबरोबर दान घेणाऱ्यालाही लगाम घातलेला आहे. हजार माणसांचं, राजाच्या सैनिकाला मज्जाव असलेलं गाव उद्या बंडाचा अड्डा होऊ शकतं, हे प्रवरसेनाला पुरतं ठाऊक होतं, असं मला या अटी वाचून वाटतं.

इतिहासकारांचा वाद इथंच आहे. रामशरण शर्मांनी अशा दानांतून राजसत्ता गावोगावी विखुरली आणि सामंतशाही वाढली, असं मांडलं. दुसरी बाजू म्हणते, की नव्या प्रदेशात पाय रोवण्यासाठीच राजे ब्राह्मण आणि देवस्थानं वसवत. चमकचा पट मला दुसऱ्या बाजूकडे ओढतो, कारण अधिकार सोडताना राजानं तो परत घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे. शर्मांचा मुद्दा तरीही पुसला जात नाही: वाट कागदावर, म्हणजे तांब्यावर, मोकळी राहिली, तरी हजार घरं एकदा वसल्यावर त्यांना हलवायला सैन्यच लागणार.

हजार ब्राह्मणांचा उल्लेख असला तरी नावं ४९ च दिली आहेत. उरलेल्यांची नावं नाहीत, आणि त्या आठ हजार भूमीत नांगर धरणाऱ्यांची तर एकाचीही नाही. कोळसा, चराई, दूध, वेठ यांतून राजा बाजूला झाला. ती देणी त्यांच्या मानेवरून उतरली, की नव्या धन्याकडे वळली, हे पट सांगत नाही. माझा अंदाज दुसऱ्याकडे आहे, कारण पटातली माफी गावाला आहे आणि गाव ब्राह्मणांना दिलेलं आहे.