धंद्याची कागदपत्रं (लेखांक सहावा) : प्रस्तावाचं पहिलं पान

मागच्या लेखांकात आपण सेवेचा पूर्ण प्रस्ताव कसा लिहायचा ते पाहिलं. आज त्याच प्रस्तावाचा एका पानाचा सारांश पाहू.

आयपीसीएलचा गॅस क्रॅकर प्रकल्प नागोठण्याला आला, पुढे तो रिलायन्सकडे गेला. अशा मोठ्या कारखान्यांभोवती बस, कॅन्टीन, साफसफाई, बागकाम अशा सेवा देणारे छोटे व्यावसायिक उभे राहतात. यांतला एखादा नव्या कंपनीकडे जातो तेव्हा त्याची पंधरा पानं खरेदी विभागातला एक अधिकारी वाचतो. मंजुरी देणारा त्याचा वरिष्ठ बहुतेक वेळा फक्त पहिलं पान वाचतो. म्हणून बाकीची पानं हाताशी नसली तरी निर्णय घेता येईल, इतकं त्या एका पानावर असायला हवं.

कामगारांच्या बसचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बरेच जण सुरुवात 'आमची संस्था गेली अनेक वर्षे सचोटीने…' अशी करतात. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा :

'पेण ते प्रकल्प या मार्गावर तिन्ही पाळ्यांसाठी 32 आसनी एक बस. पहिल्या पाळीचे कामगार पहाटे 5.45 पर्यंत फाटकावर पोहोचतील. दरमहा 4,500 किलोमीटरपर्यंत 2,05,000 रुपये, जीएसटी वेगळा. दर डिझेल 90 रुपये लिटर धरून. लिटरमागे एक रुपया वाढला वा उतरला तर दरमहा 750 रुपयांचा फरक. बस बंद पडल्यास एका तासात दुसरी बस.'

यातला प्रत्येक आकडा हिशेबातून आलेला आहे. पेणहून प्रकल्पापर्यंत एका बाजूला 25 किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन 50. पाळी दिवसातून तीनदा बदलते, म्हणजे रोज 150 आणि तीस दिवसांत 4,500 किलोमीटर. बस लिटरला 6 किलोमीटर देत असेल तर महिन्याला 750 लिटर डिझेल लागतं. त्याचे 67,500 रुपये, बदली चालकासह तीन चालकांचे 60,000, कर्जाचा हप्ता 35,000 आणि टायर, देखभाल, विमा यांचे 20,000 धरले, तर खर्च 1,82,500 रुपये होतो. हातात 22,500 उरतात. डिझेल पाच रुपयांनी वाढलं की त्यातले 3,750 जातात. डिझेलचं वाक्य सारांशात नसेल, तर हा तोटा वर्षभर तुम्हीच सोसाल. खर्चाची ही फोड मात्र सारांशात देऊ नका. तिथे दर आणि त्याचा आधार एवढंच पुरे.

दुसरी गोष्ट, जे तुमच्या हातात नाही ते आधीच लिहा. अंबा नदीला पूर आला की नागोठण्याच्या बसस्थानकात आणि बाजारपेठेत पाणी शिरतं. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर गाड्या तुंबतात. 'पूर किंवा महामार्ग बंद असल्यास उशिराचा दंड लागू नसेल. अशा वेळी तासाभरात फोनने कळवू' ही अट करारावर सही करताना मांडली, तर खरेदी अधिकाऱ्याला ती पळवाट वाटते. पहिल्याच पानावर ती वाचली, तर या माणसाला रस्ता माहीत आहे असं त्याला वाटतं. दुसऱ्या बसचं वचनही तपासून द्या. स्वतःची एकच बस असेल, तर दुसऱ्या मालकाशी तसा लेखी करार आधी हवा.

शेवटची ओळ पैशांची. जूनच्या कामाचं बिल जुलैच्या सुरुवातीला जातं आणि 45 दिवसांची मुदत असेल तर पैसे ऑगस्टच्या मध्यात येतात. तोवर अडीच महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे साडेचार लाख रुपये, तुमच्या खिशातून गेलेले असतात. एवढं भांडवल नसेल तर 30 दिवसांची मुदत मागा. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाला 2006 च्या कायद्याने संरक्षण आहे : करार काहीही असो, मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर ती 15 दिवसांचीच असते. म्हणून नोंदणी क्रमांक याच ओळीत लिहा.

एक सावधगिरी. कंपनीने तांत्रिक आणि दराचा असे दोन लिफाफे मागितले असतील, तर तांत्रिक लिफाफ्यातल्या सारांशात दर येता कामा नये. तेवढ्यावरून प्रस्ताव बाद होऊ शकतो.

सारांश लिहून झाला की तुमच्या धंद्यात नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. काय मिळेल, किती पैशात, कोणत्या अटींवर आणि पैसे कधी द्यायचे, हे त्याला न विचारता सांगता आलं तरच ते पान कंपनीकडे पाठवा. पुढच्या आठवड्यात करारातली दंडाची कलमं पाहू.