दोघींच्या मधली तिसरी

दोन मैत्रिणींचं बिनसतं, तेव्हा झोप तिसरीचीही उडते. भांडण तिचं नसतं, पण फोन तिलाच येतात. आधी एकीचा, मग दुसरीचा. एकीशी जास्त वेळ बोललं की दुसरीचा आवाज बदलतो.

या ओढाताणीचा साधा हिशेब ऑस्ट्रियात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ साली मांडला. तिघांमध्ये तीन नाती असतात. जिथे गोडी तिथे अधिकची खूण करा, जिथे वाकडं तिथे उण्याची. तिन्ही अधिक असतील तर प्रश्नच नाही. एक अधिक आणि दोन उणे असतील, म्हणजे ‘आम्ही दोघी एकीकडे, ती एकटी’, तरी मनाला ते पचतं. दोन अधिक आणि एक उणे मात्र बोचत राहतं, आणि तिसरी नेमकी तिथेच अडकलेली असते. सुटकेचे सरळ मार्ग दोनच दिसतात. त्या दोघींचं जुळावं, जे तिच्या हातात नसतं. नाहीतर तिने एकीला तोडावं. ‘तू कोणाच्या बाजूने?’ या प्रश्नात हीच दुसरी मागणी असते. विचारणारी दुष्ट असते असं नाही. तिलाही ते बोचणं नकोसं झालेलं असतं.

समजा, डोंबिवलीतल्या नीता आणि शुभदा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मिळून घेतात आणि हिशेबाला बसल्यावर अठरा हजारांवरून वाजतं. नीताचं म्हणणं, तेल, तूप, बेसन माझ्या पैशांनी आलं, आधी ते वजा करा. शुभदाचं म्हणणं, निम्मंनिम्मं ठरलं होतं, आणि रात्री दोनपर्यंत चकल्या मी तळल्या. दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. दोघींची जुनी मैत्रीण मेधा. नीता तिला विचारते, “तूच सांग, माझं काय चुकलं?” फोनवर रडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? मेधा म्हणते, “नाही गं, तुझं बरोबरच आहे.” दुसऱ्या दिवशी शुभदा रडते, तेव्हा तिलाही तेच ऐकायला मिळतं. मग पुढच्या वादात नीता शुभदाला सुनावते, “मेधासुद्धा म्हणाली, माझंच बरोबर!” आता दोघीही मेधावर चिडलेल्या, आणि अठरा हजार जिथल्या तिथे.

मेधा खोटं बोलली म्हणण्यापेक्षा, तिने दिलाशाच्या जागी निकाल दिला. ‘तुला फार लागलंय, हे कळतंय मला’ हा दिलासा दोघींना देता येतो आणि तो दोन्हीकडे खरा असतो. ‘तुझं बरोबर’ हा निकाल, आणि तो हत्यारासारखा वापरला जातो.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांच्या अभ्यासातून असंच काहीसं सांगितलं. दोघांमधला ताण असह्य झाला की ते तिसऱ्याला ओढून घेतात आणि ताण तिघांत वाटला जातो. दोघांना हलकं वाटतं, म्हणून मूळ गोष्ट बोलायची निकड उरत नाही. मेधाला याची खूण सहज दिसेल: रोज तासभर बोलून नीता मोकळी होते, पण तेला-तुपाची बिलं घेऊन शुभदाकडे काही जात नाही.

अशा वेळी फोन उचलणं बंद करावंसं वाटतं. बोवेन यांचा सल्ला उलटा होता: दोघांशी संबंध ठेवा, फक्त त्यांच्या भांडणात कोणाच्या बाजूने उभं राहू नका. मेधाने दोघींना एकाच शब्दांत सांगावं, “तू तिच्याबद्दल बोलशील ते तिला सांगणार नाही, ती बोलेल ते तुला नाही. हिशेबाचं तुम्ही समोरासमोर बघा.” आणि मग खरोखरच इकडचं तिकडे करू नये, चांगला निरोपसुद्धा. ‘तिला तुझी आठवण येते गं’ एवढं पोचवलं तरी टपाल सुरू होतं. सुरुवातीला दोन्हीकडून टोमणे येतील, ‘दोन्ही डगरींवर हात’ वगैरे. ते ऐकून घ्यावे लागतात.

याला मर्यादा आहे. नीताने पैसे आल्याचंच लपवलं असतं, किंवा धमकावलं असतं, तर मधे उभं राहणं म्हणजे शुभदाला एकटं पाडणं झालं असतं. तिथे नीताच्या तोंडावर ‘हे चुकलं’ म्हणायलाच हवं. गैरसमज, कष्टांची मोजदाद, दुखावलेला मान यांत तशी वेळ सहसा येत नाही.

राहिला प्रश्न मेधाच्या लेकीच्या वाढदिवसाचा. दोघींनाही बोलवावं आणि दुसरी येणार आहे हे प्रत्येकीला आधीच सांगावं. न सांगता समोरासमोर आणून समेट घडवायचा बेत करू नये. एखादी म्हणेल, “ती येणार असेल तर मी नाही.” मेधाने म्हणावं, “बरं. मग केक घेऊन रविवारी मी तुझ्याकडे येते.”