काचेवरचा डॅशबोर्ड कसा पुसायचा?

भर उन्हातलं डॅशकॅमचं चित्रण पाहा. रस्त्यावर एक धुरकट पडदा दिसतो आणि त्यात डॅशबोर्डवरच्या जाळीच्या झरोक्यांचा आकार उमटलेला असतो. डॅशबोर्ड बेज रंगाचा असेल तर हा त्रास जास्त. पुढच्या गाडीची नंबरप्लेट नेमकी त्याच पडद्यामागे जाते.

उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवरून उजेड वर जातो आणि तिरप्या काचेवर आपटून कॅमेऱ्यात शिरतो. काचेवरून तिरका परतलेला उजेड बराचसा एकाच दिशेने कंप पावतो. साध्या काचेवर सुमारे 56 अंशांच्या कोनात तो जवळजवळ पूर्णपणे तसा असतो. आजच्या अनेक मोटारींची पुढची काच जमिनीशी साधारण 30 अंशांत झुकलेली असते. त्यामुळे समोर पाहणाऱ्या कॅमेऱ्यासाठी हा कोन 60 अंशांच्या आसपास येतो. म्हणूनच पोलरायझिंग फिल्टर इथे इतका उपयोगी पडतो. बस-ट्रकच्या उभ्या काचेवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही.

फिल्टर नुसता बसवून भागत नाही, तो फिरवून जुळवावा लागतो. गाडी उन्हात उभी करा, डॅशबोर्डवर पांढरा कागद ठेवा आणि मोबाइलवर कॅमेऱ्याचं थेट दृश्य उघडा. फिल्टर हळूहळू फिरवा. कागदाची सावली अगदी फिकी होईल तिथे थांबा आणि कडेला खूण करा. दहा अंशांची चूक फारशी जाणवत नाही, पण 45 अंश चुकलं तर निम्मं प्रतिबिंब परत येतं. एक त्रास राहतोच: फिल्टर निम्म्याहून अधिक उजेड खातो, म्हणून रात्री तो काढून ठेवावा. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर निळसर ठिपके दिसले तर घाबरू नका. कडक केलेल्या काचेतला ताण फिल्टरमधून असा दिसतो.

उरलेला पडदा संपादनात उतरवता येतो. चित्रातली सगळ्यात काळी जागा शोधा, उदाहरणार्थ पुढच्या गाडीच्या टायरखालची सावली. समजा, 0 ते 255 या मापात तिथे लाल 44, हिरवा 40 आणि निळा 32 आहे. सावली जवळजवळ काळी असायला हवी, म्हणजे हा आकडा मुख्यतः डॅशबोर्डच्या उजेडाचाच. प्रत्येक रंगाची काळी मर्यादा त्याच्या आकड्याच्या जरा खाली आणा. धुकं निवळतं आणि पिवळसर झाकही जाते. पडदा खालच्या भागातच असेल तर बदल तेवढ्यापुरताच करा, नाहीतर झाडांच्या सावल्या डांबरासारख्या काळ्या होतात.

मात्र झरोक्यांच्या रेघांसारखा ठळक आकार रंगांच्या या खेळाने जात नाही. त्यासाठी डॅशबोर्डवर काळं, न चमकणारं कापड अंथरणं हाच स्वस्त उपाय, फक्त एअरबॅगची जागा मोकळी ठेवून. आणि अपघाताचं चित्रण असेल तर बदल नेहमी प्रतीवर करा; मूळ फाइल हात न लावता जपून ठेवा.